ठेच, मायलिन आणि न मारलेली उडी



रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलात आणि पायाची करंगळी पलंगाच्या पायाला आपटली, असं कधीतरी झालंच असेल. पुढच्या वेळी (न होवो, पण झालंच तर) एका गोष्टीकडे लक्ष द्या. आपटल्याचं लगेच कळतं. मग मध्ये एक विचित्र रिकामा क्षण जातो, "आता दुखणार" हे आपल्याला माहीत असतं, आणि त्यानंतर ती खोल, रेंगाळणारी कळ येते.

दोन्ही बातम्या एकाच करंगळीतून एकाच क्षणी निघालेल्या असतात. स्पर्शाची बातमी नेणारे तंतू सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने काम करतात, तर रेंगाळणारी कळ नेणारे तंतू जेमतेम १ मीटर. पायाच्या बोटापासून पाठीच्या कण्यापर्यंतचं अंतर मीटरभर धरलं, तर पहिली बातमी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोचते आणि दुसरीला अख्खा सेकंद लागतो. तो रिकामा क्षण म्हणजे या दोन वेगांमधला फरक.

हा विषय या वेळी निघाला तो माझ्या मामेबहिणीमुळे. ती फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत मामाकडे गेलो तेव्हा तिने चाचणीचा पेपर माझ्यापुढे टाकला. प्रश्न होता, मायलिन असलेल्या ॲक्सॉनमध्ये ॲक्शन पोटेन्शियल जास्त वेगाने का जातं? तिचं उत्तर होतं, "मायलिन हे इन्सुलेटर असल्यामुळे सिग्नल एका नोडवरून दुसऱ्या नोडवर उडी मारतो." पाचापैकी दोन गुण.

"दादा, पुस्तकात हेच लिहिलंय. यात चूक काय आहे?"

मी इंजिनिअर. शरीरशास्त्र बारावीनंतर सुटलं. पण "इन्सुलेटर लावला म्हणून सिग्नल वेगाने गेला" हे वाक्य वाचून मीही अडखळलो. घरातल्या वायरीवर प्लास्टिकचं जाड आवरण चढवलं, तर शॉक बसणार नाही एवढं नक्की, पण त्याने वेग का वाढावा? आणि उडी मारायची म्हणजे मधली जागा कशी पार करायची? त्या रात्री आम्ही दोघांनी जेवणानंतर वही घेऊन जे केलं, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी उघडा ॲक्सॉन

ॲक्सॉन म्हणजे चेतापेशीची लांब शेपटी. खारट पाण्याने भरलेली एक बारीक नळी समजा, बाहेरही खारट पाणी आणि मध्ये पेशीचं पातळ पटल. शांत असताना आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पटलात सोडियमची दारं असतात. एखाद्या जागी आतलं व्होल्टेज ७० वरून ५५ च्या आसपास आलं, म्हणजे थ्रेशोल्ड गाठला, की ती दारं उघडतात, बाहेरचा सोडियम आत घुसतो आणि तिथलं व्होल्टेज क्षणभर पार धन बाजूला जातं. हेच ॲक्शन पोटेन्शियल. मिलिसेकंदभरात दारं बंद होतात आणि जागा पुन्हा शांत होते.

आता ही घटना पुढे कशी सरकते ते पाहू, कारण वेगाचा सगळा हिशेब इथेच आहे. आत शिरलेला धन भार नळीच्या आतून पुढे वाहतो. पुढच्या पटलाचं व्होल्टेज त्याने वाढतं, तिथे थ्रेशोल्ड आला की तिथली दारं उघडतात आणि नवा भार आत येतो. म्हणजे दोन कामं आलटून पालटून चालतात. आतून प्रवाह वाहणं हे एक, आणि दारं उघडून सिग्नल पुन्हा ताजा करणं हे दुसरं.

प्रवाह आतून पुढे जाताना त्याला तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली म्हणजे नळीचा स्वतःचा रेझिस्टन्स. नळी बारीक असेल तर तो जास्त. दुसरी म्हणजे गळती. थोडा भार पटलातून बाहेर निसटतो. आणि तिसरी, जी माझ्या बहिणीच्या उत्तरात नव्हती, ती म्हणजे कपॅसिटन्स.

मामाच्या गावाकडे शेत आहे, म्हणून तिला पाटाच्या पाण्याचं उदाहरण दिलं. मोटर चालू केली आणि पाट सोडला की पाणी लगेच टोकाला पोचत नाही. वाटेत जेवढे खड्डे असतील ते आधी भरावे लागतात, मग पाणी पुढे सरकतं. पाट फुटून पाणी बाहेर जाणं ही गळती, आणि वाटेतले खड्डे भरणं हा कपॅसिटन्स. गळती अजिबात नसली तरी खड्डे खोल असतील तर पाणी सावकाशच जाणार.

पटलाचे खड्डे फार खोल असतात. दोन बाजूंना खारट पाणी, मध्ये मीटरच्या अब्जांश भागांत मोजावा इतका पातळ चरबीचा थर: हा उत्तम कपॅसिटर झाला. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड. पुढच्या जागेचं व्होल्टेज वाढवायचं तर आधी हा कपॅसिटर भरावा लागतो, आणि भरायला वेळ लागतो.

समुद्राखालच्या तारांनी हाच धडा दीडशे वर्षांपूर्वी शिकवला होता. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली तार टाकली गेली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचवायला सोळा-एक तास लागले. आत तांबं, भोवती गटापर्चाचं आवरण, बाहेर समुद्राचं खारं पाणी. आवरण होतं, तरीही तार म्हणजे हजारो मैल लांबीचा एक कपॅसिटरच झाला होता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी अशा तारेचं गणित आधीच मांडलं होतं. पुढे तेच गणित चेतातंतूंना लावलं गेलं आणि आजही लावतात.

गुंडाळल्यावर काय बदलतं

मायलिन ही वेगळी ओतलेली वस्तू नाही. हातापायांच्या नसांमध्ये श्वान पेशी ॲक्सॉनभोवती स्वतःचंच पटल पुन्हापुन्हा गुंडाळते, आणि वळशांमधला आतला रस पिळून काढल्यासारखा निघून जातो. उरतात पटलावर पटलं. जाड तंतूत असे शंभराच्या आसपास वळसे असतात. प्रत्येक वळशात पटलाचे दोन थर, म्हणजे ॲक्सॉनच्या आतल्या पाण्यापासून बाहेरच्या पाण्यापर्यंत दोनशेहून जास्त पटलं एकापाठोपाठ एक.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं बेसिक इलेक्ट्रिकल आठवा. सारखे दोनशे कपॅसिटर सिरीजमध्ये जोडले तर एकूण कपॅसिटन्स दोनशे पटीने कमी होतो. रेझिस्टन्स सिरीजमध्ये जोडले तर दोनशे पटीने वाढतो. म्हणजे मायलिन दोन कामं करतं: गळती कमी करतं, आणि खड्डे उथळ करतं. "इन्सुलेटर" या शब्दात पहिलंच काम येतं. वेगाचा मोठा वाटा दुसऱ्या कामाचा आहे. बहिणीचे गुण गेले ते इथे.

तिला तरीही पटेना, म्हणून आकडे घातले. १० मायक्रॉन व्यासाच्या ॲक्सॉनचा १ मिलिमीटर लांबीचा तुकडा घेऊ. उघडा असेल तर पटलाच्या क्षेत्रफळावरून त्याचा कपॅसिटन्स सुमारे ३०० पिकोफॅरड येतो. त्याचं व्होल्टेज १०० मिलिव्होल्टने बदलायचं तर जवळपास २० कोटी आयनांचा भार लागेल. तोच तुकडा शंभरेक वळशांत गुंडाळला तर कपॅसिटन्स दीड-पावणेदोन पिकोफॅरडवर येतो. शेजारच्या छोट्या उघड्या नोडचा त्यात धरला तरी अडीच. लागणारे आयन पंधरा-सोळा लाख. काम शंभर पटींहून कमी झालं.

वेळेचा अंदाजही काढता येतो. कपॅसिटर भरायला लागणारा वेळ साधारणपणे रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराएवढा असतो. या १ मिलिमीटर नळीच्या आतला रेझिस्टन्स सुमारे १३ मेगाओहम येतो, आणि तो मायलिनने बदलत नाही. मेगाओहमला पिकोफॅरडने गुणलं की उत्तर थेट मायक्रोसेकंदात येतं. उघड्या तुकड्यासाठी १३ गुणिले ३००, म्हणजे जवळपास ४,००० मायक्रोसेकंद. मायलिनच्या तुकड्यासाठी १३ गुणिले अडीच, म्हणजे तीसेक मायक्रोसेकंद.

हा अंदाज ढोबळ आहे, हे लक्षात असू द्या. थ्रेशोल्ड गाठायला कपॅसिटर पूर्ण भरावा लागत नाही, म्हणून प्रत्यक्षात वेळ तिसापेक्षा कमीही लागतो. दुसऱ्या बाजूला, उघडा ॲक्सॉन १ मिलिमीटरचा टप्पा एका दमात घेतच नाही. त्याच्या सगळ्या अंगावर सोडियमची दारं असतात, त्यामुळे तो अगदी छोट्या टप्प्यांनी सरकतो आणि अंदाजापेक्षा बराच वेगवान निघतो. म्हणून शंभर पटींचा फायदा वेगात जसाच्या तसा उतरत नाही. तरी एवढ्या जाडीच्या उघड्या ॲक्सॉनला सेकंदाला काही थोडे मीटर आणि मायलिनवाल्याला ५० मीटर किंवा त्याहून जास्त, एवढा फरक उरतोच.

मग नोड कशाला?

"इतकं छान आवरण आहे तर मध्ये फटी ठेवायच्याच कशाला?" हा बहिणीचा पुढचा प्रश्न, आणि बरोबर प्रश्न.

कारण उथळ झाले तरी खड्डे आहेतच, कमी झाली तरी गळती आहेच. आतून वाहणारा प्रवाह काही मिलिमीटरांत अशक्त होतो. तो अशक्त होण्याआधी कुठेतरी सिग्नल ताजा करायला हवा. त्यासाठी जाड तंतूत मिलिमीटरभर अंतरावर मायलिनमध्ये एक फट असते, जेमतेम १ मायक्रॉन रुंदीची. लुई-आंत्वान रॅनव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या नोड ऑफ रॅनव्हिए. या चिमुकल्या पट्टीवर सोडियमची दारं खच्चून भरलेली असतात, एका चौरस मायक्रॉनवर हजाराहून जास्त. मधल्या मायलिनखालच्या लांबलचक भागात ती जवळजवळ नसतातच.

नोड फार दूर ठेवले तर पुढच्या नोडला थ्रेशोल्ड गाठण्याएवढा प्रवाह मिळणार नाही. फार जवळ ठेवले तर दर थांब्यावर दारं उघडण्यात वेळ जाईल, शिवाय प्रत्येक उघडा नोड हा एक खोल खड्डाच. शरीराने यातला मध्य साधलेला दिसतो: नोडमधलं अंतर ढोबळमानाने तंतूच्या बाहेरच्या व्यासाच्या शंभर पट असतं. जलद गाडी आणि पॅसेंजर यांचं उदाहरण बरेच जण देतात. ते वाईट नाही, पण त्यात एक उणीव आहे. जलद गाडी मधली स्टेशनं नुसती सोडून देते. इथे मात्र रूळही बदललेले असतात. मायलिन काढून घेतलं आणि नोड तसेच ठेवले, तर गाडी पॅसेंजरही राहत नाही, बंद पडते. त्याकडे पुढे येतोच.

उडी कोण मारतं?

सॉल्टेटरी हा शब्द उडी मारणं, नाचणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. पण भार मधली जागा वगळून जात नाही. तो मायलिनखालच्या नळीतूनच, आतून, सलगपणे वाहतो. मधली जागा वगळते ती फक्त दारं उघडण्याची घटना.

हे नुसतं तर्काने ठरलेलं नाही. जपानमध्ये इचिजी तासाकी यांनी १९३० च्या दशकात बेडकाच्या नसेतून एकच तंतू सोडवून त्यावर प्रयोग केले. एका नोडला भूल देणारं औषध लावून तो बंद पाडला, तरी सिग्नल पलीकडे गेला. लागोपाठ दोन बंद पाडले तरीही बहुधा गेला. तीन बंद पाडल्यावर मात्र थांबला. म्हणजे एका नोडचा प्रवाह पुढच्या एकाच नव्हे, त्याच्याही पुढच्या नोडला थ्रेशोल्डपर्यंत नेण्याएवढा असतो. शरीराने बऱ्यापैकी शिल्लक हाताशी ठेवली आहे.

पुढे १९४९ मध्ये अँड्र्यू हक्सली आणि रॉबर्ट श्टेम्फली यांनी तंतूच्या कडेने प्रवाह कुठे आत येतो ते मोजलं. आत येणारा प्रवाह फक्त नोडपाशी सापडला. मायलिनच्या भागात, दोन नोडच्या मध्ये, सिग्नलला फारसा उशीर होत नव्हता. उशीर दिसत होता तो नोड ओलांडताना.

आता "एका नोडवरून दुसऱ्या नोडवर" या शब्दांचा हिशेब लावू. सिग्नलचा वेग सेकंदाला ५० मीटर आणि एका नोडवरची घटना अर्धा मिलिसेकंद चालते असं धरा. पहिल्या नोडचं काम संपेपर्यंत सिग्नलचं टोक २५ मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. नोड मिलिमीटरवर असतील तर त्या क्षणी पंचवीसेक नोड एकदम कामात आहेत: पुढचे नुकतेच उघडताहेत, मधले ऐन भरात, मागचे बंद होताहेत. बेडूक एका दगडावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा पहिला दगड मोकळा होतो. इथे तसं चित्र नाही. वारीत टाळ एका दिंडीकडून दुसऱ्या दिंडीकडे सरकत जावा आणि एका वेळी पंचवीस दिंड्यांचे टाळ वाजत असावेत, तसं काहीसं.

हे ऐकल्यावर बहीण म्हणाली, "म्हणजे उडी नाहीच?" मी म्हटलं, शब्द राहू दे, परीक्षेत लिहावा लागेल. फक्त उडी कोण मारतं ते लिही.

दुसरा उपाय होता, पण महाग

मायलिनशिवायही वेग वाढवता येतो. नळी जाड करा, आतला रेझिस्टन्स कमी होईल. स्क्विड या समुद्री प्राण्याने तेच केलं. त्याचा सर्वात जाड ॲक्सॉन अर्ध्या मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, आणि वेग सेकंदाला वीस-पंचवीस मीटर. पण उघड्या ॲक्सॉनचा वेग व्यासाच्या वर्गमुळाने वाढतो. वेग दुप्पट हवा तर व्यास चौपट, आणि जागा सोळापट. मायलिनवाल्या तंतूचा वेग व्यासाच्या सरळ प्रमाणात वाढतो. स्क्विडच्या ५०० मायक्रॉनच्या ॲक्सॉनचा वेग आपल्या ५ मायक्रॉनच्या मायलिनवाल्या तंतूला मिळतो (आपल्या शरीराच्या उबेचाही त्यात थोडा हातभार आहे). व्यास शंभरावा भाग, म्हणजे स्क्विडच्या एका ॲक्सॉनच्या जागेत असे दहा हजार तंतू बसतील.

मग ती रेंगाळणारी कळ नेणाऱ्या तंतूंना मायलिन का नाही? ते १ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात. इतक्या बारीक तंतूत गुंडाळण्याचा फायदा घटत जातो, आणि ती बातमी एका सेकंदाने उशिरा आली तरी पाय तोवर जलद तंतूंच्या बातमीवर मागे घेतलेला असतो.

मायलिन गेलं तर

हे सगळं वहीत मांडत होतो तेव्हा माझ्या डोक्यात आमच्या सोसायटीतले एक काका होते. दोन वर्षांपूर्वी जुलाबाच्या आजारातून उठल्यावर आठवड्याभराने त्यांच्या पायांतली ताकद जाऊ लागली. तीन दिवसांत जिना चढता येईना, मग हातांतला पेला धरवेना. निदान झालं गियाँ-बारे सिंड्रोम. यात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उठते, आणि त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात हल्ला मायलिनवर होतो. काकांच्या मुलाने मला रिपोर्ट दाखवून विचारलं होतं, "यात वेग लिहिलाय, तो कसला?" तेव्हा मला सांगता आलं नव्हतं.

ती चाचणी नर्व्ह कंडक्शनची. मनगटापाशी नसेला विजेचा छोटा झटका देतात आणि अंगठ्याच्या उंचवट्यावरचा स्नायू किती वेळाने हलला ते मोजतात. मग तोच झटका कोपरापाशी देतात. दोनदा का? कारण पहिल्या वेळेत नसेतून स्नायूत उतरण्याचा उशीरही मिसळलेला असतो. दोन्ही वेळांत तो सारखाच असल्याने वजाबाकीत निघून जातो, आणि उरतो फक्त कोपर ते मनगट या प्रवासाचा वेळ.

धडधाकट माणसात मनगटाहून साडेतीन आणि कोपराहून साडेसात मिलिसेकंद, असे आकडे येऊ शकतात. फरक ४ मिलिसेकंद, अंतर २२ सेंटिमीटर, वेग सेकंदाला ५५ मीटर. मिलिमीटरला एक धरून वाटेत २२० नोड, म्हणजे प्रत्येक टप्प्याला सरासरी १८ मायक्रोसेकंद. आपल्या वहीतल्या "तिसापेक्षा कमी"शी हे जुळतं. काकांचे आकडे होते ७ आणि १७. फरक १० मिलिसेकंद, वेग २२. टप्प्याला सरासरी ४५ मायक्रोसेकंद.

पण सरासरीच. त्यातले काही टप्पे धड असतात आणि काही फारच बिघडलेले, शिवाय प्रत्येक तंतूत बिघाड वेगळ्या जागी. त्यामुळे एकत्र निघालेले सिग्नल विखरून पोचतात आणि स्क्रीनवरची उंच सुबक लाट पसरट, दातेरी होते. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिलेला झटका अशा रुग्णात लवकर नाहीसा होतो, त्याचं एक कारण हेच. त्या झटक्याला सगळे सिग्नल एकदम पोचावे लागतात.

आणि काही तंतूंत सिग्नल पोचतच नाही. अडीच पिकोफॅरडच्या हिशेबाने बेतलेला नोड समोर उघडा पडलेला तीनशे पिकोफॅरडचा तुकडा भरायला जातो. वाटीभर पाण्याने हंडा भरायचा प्रकार. त्या उघड्या भागात सोडियमची दारंही नसतात, कारण तिथे ती कधी लागलीच नव्हती. सिग्नल विझतो. याला कंडक्शन ब्लॉक म्हणतात, आणि तो चाचणीत ओळखू येतो: मनगटाहून दिलेल्या झटक्याला लाट मोठी येते, कोपराहून दिलेल्याला लहान. हातातली ताकद जाते ती मुख्यतः या अडलेल्या सिग्नलांमुळे. नुसता सावकाश सिग्नल काही मिलिसेकंद उशिरा का होईना, पण पोचतो.

ॲक्सॉनच तुटले असते तर चित्र उलट दिसलं असतं. उरलेल्या तंतूंचं मायलिन धड असल्याने वेग जवळपास ठीक, पण लाट दोन्ही जागी लहान. काकांच्या बाबतीत डॉक्टरांना पहिल्या आठवड्यांत हेच जाणून घ्यायचं होतं, कारण तुटलेला ॲक्सॉन दिवसाला मिलिमीटरभर या गतीने वाढतो, तर श्वान पेशी काही आठवडे-महिन्यांत नवं मायलिन गुंडाळू शकतात. एक साधी खबरदारी मात्र लागते. हात थंड असेल तर निरोगी नसेचा वेगही दर अंशाला सेकंदामागे दोनेक मीटरने कमी येतो. एसीच्या खोलीतल्या गार हाताचा रिपोर्ट आजारासारखा दिसू शकतो, म्हणून आधी हात गरम करून घेतात.

काका आता रोज सकाळी बागेत चालायला येतात. नव्याने गुंडाळलेलं मायलिन पातळ असतं आणि त्याचे तुकडे आखूड, म्हणून त्यांचा वेग मोजला तर कदाचित अजूनही कमी भरेल. पण सिग्नल पोचतो आहे, आणि पेला हातात राहतो आहे.

बहिणीने शेवटी उत्तर पुन्हा लिहिलं. तिच्या परवानगीने देतो: "मायलिनच्या अनेक थरांमुळे पटलाचा कपॅसिटन्स कमी होतो आणि गळतीचा रेझिस्टन्स वाढतो. त्यामुळे एका नोडवर आत आलेला प्रवाह ॲक्सॉनच्या आतून पुढच्या नोडपर्यंत लवकर आणि फारसा न घटता पोचतो व तिथे थ्रेशोल्ड गाठतो. ॲक्शन पोटेन्शियल फक्त नोडवर नव्याने तयार होतं, म्हणून त्याला सॉल्टेटरी म्हणतात. प्रवाह मात्र सलग वाहतो."

यावर किती गुण मिळतात ते पुढच्या चाचणीनंतर कळेल. कळलं की तुम्हालाही सांगेन. तोवर रात्री उठलात तर दिवा लावा.